काठी गाईच्या मागं नको, गाईच्या ओळीत हवी



काही महिन्यांपूर्वी आमच्या मैना कालवडीचा फोटो इथं टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "वजन २६४ किलो, फोटोवरून काढलं." बऱ्याच जणांनी विचारलं की फोटोवरून वजन कसं काढलं, पद्धत सांगा. पद्धत सांगतोच. पण आधी हे सांगायला पाहिजे की तो २६४ चा आकडा चुकीचा होता. कालवड तेव्हा २१५ किलोच्या आसपास होती. ४९ किलोचा फरक कुठून आला, हे शोधायला मला चार दिवस लागले. तेच आज लिहितो. ज्यांनी तो फोटो पुढं पाठवला असेल त्यांनी हेपण पाठवा.

वजनाची गरज का पडली ते थोडक्यात. आमच्याकडे सगळ्या एचएफ संकरित गाई आहेत. दोन वर्षांपूर्वी एक कालवड चौदाव्या महिन्यात माजावर आली. उंचीला चांगली दिसत होती, म्हणून मी अंदाजानं भरवून घेतली. नऊ महिन्यांनी व्यायला अडली. वासरू ओढून काढावं लागलं, ते मेलेलंच निघालं. कालवड तीन दिवस मागच्या पायावर उठली नाही. नंतर उठली, पण दूध काही धड दिलं नाही आणि शेवटी विकावी लागली. डॉक्टरांनी तेव्हा एवढंच विचारलं, "भरवताना वजन किती होतं?" मला सांगता आलं नाही. उंची दिसते, वजन दिसत नाही. संकरित कालवड निदान अडीचशे किलोची झाल्याशिवाय भरवायची नाही, हे तेव्हापासून ठरवून टाकलं.

मैना तेरा महिन्यांची असताना पहिल्यांदा माजावर आली. ही मुक्त गोठ्यातली, अंगाला हात लावू देत नाही. टेप घेऊन जवळ गेलं की लाथ झाडते. पोरगा म्हणाला, "आप्पा, फोटो काढू, फोटोवरून माप काढता येतं." पद्धत मला पटली, म्हणून केली.

आता आधी मूळ सूत्र समजून घेऊ. फोटो नंतर.

जनावराचं वजन टेपनं काढायचं सूत्र जुनं आहे, त्याला शेफरचं सूत्र म्हणतात. दोन मापं लागतात. पहिलं छातीचा घेर. पुढच्या पायांच्या लगेच मागून, कोपराच्या मागं, टेप सरळ उभी फिरवायची. वर ती खांद्याच्या मागं पाठीवर येते आणि खाली छातीच्या हाडाखालून जाते. टेप कातडीला टेकली पाहिजे, पण रुतायला नको. दुसरं माप शरीराची लांबी. खांद्याचं पुढचं टोक असतं, हातानं चाचपलं की कडक लागतं, तिथून सुरुवात करायची. शेपटीच्या बुडाजवळ दोन्ही बाजूंना गाठीसारखं हाड वर आलेलं असतं, डॉक्टर त्याला पिन बोन म्हणतात, तिथपर्यंत सरळ रेषेत मोजायचं. ही रेघ पुढून मागं जाताना जरा वर चढते, तशीच मोजायची. शेपटीच्या टोकापर्यंत किंवा मानेपासून मोजणारे बरेच आहेत, त्यांचं वजन फुगतं.

मापं सेंटीमीटरमध्ये असतील तर:

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ १०८४०

मापं इंचात असतील तर १०८४० च्या जागी ६६० घ्यायचे. उत्तर किलोतच येतं.

हे सूत्र खरं का येतं, हे मला पोराच्या गणिताच्या वहीवरून कळलं. गाईचं धड आडव्या पिंपासारखं धरा. पिंपाचा घेर आणि लांबी माहीत असली की त्यात किती पाणी मावेल ते काढता येतं. घेर × घेर × लांबी, भागिले १२५६६, म्हणजे लिटर. जनावराचं अंग साधारण पाण्याइतकंच जड, म्हणून तेवढेच किलो. पण गाईला डोकं, मान, पायसुद्धा आहेत, ते पिंपात आले नाहीत. म्हणून १२५६६ च्या ऐवजी १०८४० नं भागायचं, म्हणजे उत्तर थोडं वाढतं. मी तरी हे असंच समजतो. यात ध्यानात ठेवायची गोष्ट एकच, घेर दोनदा गुणला जातो. घेरात पाच टक्के चूक झाली तर वजनात दहा टक्के होते.

आता फोटो. बाजूनं काढलेल्या फोटोत लांबी दिसते. घेर दिसत नाही, कारण गाईची रुंदी फोटोत येत नाही. दिसते ती फक्त छातीची खोली, म्हणजे पुढच्या पायामागं पाठीपासून छातीच्या तळापर्यंतचं उभं अंतर. या खोलीवरून घेर काढावा लागतो. त्यासाठी मी आधी गोठ्यातल्या पाच शांत गाई मोजल्या. टेपनं घेर घेतला. मग खांद्यामागं पाठीची जमिनीपासूनची उंची घेतली आणि त्यातून छातीच्या तळाची जमिनीपासूनची उंची वजा केली, ती झाली खोली. घेराला खोलीनं भागलं. कुणाचं २.५२ आलं, कुणाचं २.६६. सरासरी २.६ धरली. म्हणजे माझ्या गाईंची छाती जेवढी खोल, त्याच्या २.६ पट घेर. हा आकडा माझ्या गोठ्याचा आहे. तुमच्याकडं गीर, खिल्लार किंवा म्हैस असेल तर तुमचा आकडा तुम्ही काढा, माझा वापरू नका.

फोटोत सेंटीमीटर कळायला ओळखीचं माप लागतं. आम्ही एक मीटरचा बांबूचा तुकडा घेतला आणि दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावली. फोटो काढला. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणला आणि पोराच्या फूटपट्टीनं मोजला. मोबाईलच्या स्क्रीनवर बोटानं मोजण्यापेक्षा हे बरं पडतं.

पहिला फोटो असा होता. मैना कुंपणाच्या लोखंडी पाइपाला लागून उभी होती. काठी त्या पाइपालाच उभी बांधली होती, म्हणजे कालवडीच्या पलीकडच्या अंगाला. तिच्या छातीच्या जरा पुढं असल्यानं फोटोत काठी पूर्ण दिसत होती. मी साधारण साडेतीन मीटरवरून फोटो काढला.

छापलेल्या फोटोत एक मीटरची काठी ९ सेंटीमीटर भरली. छातीची खोली ५.३ सेंटीमीटर भरली, म्हणजे खरी ५८.९. लांबी ११ सेंटीमीटर, म्हणजे खरी १२२.२. घेर काढला, ५८.९ × २.६ = १५३.१. मग १५३.१ × १५३.१ × १२२.२ ÷ १०८४०, उत्तर २६४ किलो.

अडीचशेच्या वर गेली म्हणून खूश झालो. इथं फोटो टाकला तो तेव्हाच. पुढचा माज आला की भरवायची, असं ठरलं.

वीस दिवसांनी माज आला. रेतनाला आलेल्या डॉक्टरांना मी अभिमानानं फोटो दाखवला. त्यांनी कालवडीकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं आणि म्हणाले, "काका, टेप लावली का?"

मी म्हटलं, "लावू देत नाही."

"मग आज भरवायची नाही. आधी खोड्यात घालून टेप लावा. २६४ ची ही वाटत नाही मला."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एक माज वाया म्हणजे एकवीस दिवस गेले. पण दोन वर्षांपूर्वीचं वासरू डोळ्यांपुढं आलं आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून मैनेला जनावरांच्या दवाखान्याच्या खोड्यात नेलं. टेप लावली. घेर १४३, लांबी ११४.

१४३ × १४३ × ११४ ÷ १०८४० = २१५ किलो.

फोटो काढून वीस दिवस झाले होते, त्या दिवसांत ती वाढलीच असणार. म्हणजे फोटोच्या दिवशी २१५ पेक्षाही कमीच असेल. पण सोयीसाठी २१५ च धरू. मी २१५ किलोची कालवड २६४ ची समजून भरवणार होतो.

पहिल्यांदा वाटलं २.६ चा आकडा चुकला. म्हणून खोड्यातच तिची छातीची खोली मोजली. ५५ भरली. १४३ भागिले ५५, पुन्हा २.६ च. तो आकडा बरोबर होता. मग वाटलं फूटपट्टीनं मोजायला चुकलो. परत मोजलं, तेच. लांबीसुद्धा फोटोत १२२ आणि टेपनं ११४. खोली ५९ आणि ५५. दोन्ही मापं एकाच हिशेबानं वाढली होती, साधारण सात टक्के. एक माप चुकलं असतं तर एकच वाढलं असतं. दोन्ही सारखी वाढली, याचा अर्थ चूक कालवडीच्या मापात नव्हती, काठीच्या मापात होती. फोटोत काठीच लहान दिसली होती.

मग उलगडा झाला. लांबची वस्तू लहान दिसते, हे आपण रोज पाहतो. काठी कालवडीच्या पलीकडं होती. पाठीचा कणा आणि छातीचा तळ कालवडीच्या मधोमध असतात. तिथून पाइपापर्यंत अंतर २५ सेंटीमीटर. माझा मोबाईल कण्यापासून ३५० सेंटीमीटरवर, तर काठीपासून ३७५ वर. ३७५ भागिले ३५० म्हणजे १.०७. काठी सात टक्के लहान दिसली, म्हणून त्या काठीनं मोजलेली कालवड सात टक्के मोठी निघाली.

सात टक्के म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण सूत्रात घेर दोनदा आणि लांबी एकदा आहे, म्हणजे ही चूक तीनदा गुणली जाते. १.०७१ ला स्वतःशीच तीनदा गुणा, १.२३ येतात. सात टक्क्यांची चूक वजनात तेवीस टक्के झाली. २६४ ला १.२३ नं भागलं तर जवळजवळ २१५ च येतात. इतकं नेमकं जुळलं त्यात थोडा योगायोग आहे, पण दोष सापडला तो हाच.

उलटंही होतं. काठी आपल्या बाजूला, गाईच्या बरगडीला टेकवून धरली तर काठी मोठी दिसते आणि गाय हलकी निघते. बरेच जण तशीच धरतात, कारण सोपं पडतं. फक्त ती चूक कालवडीच्या बाबतीत नुकसान करत नाही, भरवायला उशीर होतो एवढंच. जंताच्या औषधाचा हिशेब असेल तर मात्र औषध कमी पडेल.

पुढच्या रविवारी मैनेला परत दवाखान्यात आणली आणि दुसरा फोटो नीट काढला. टेप त्या दिवशीही लावली, आठ दिवसांत फरक नव्हताच, १४३ आणि ११४ च. काय काय बदललं ते सांगतो.

काठी कालवडीच्या पुढं, नाकाच्या बाजूला, कण्याच्या सरळ ओळीत उभी केली. अलीकडं नाही, पलीकडं नाही. वरून पाहिलं तर शेपूट, पाठ, डोकं आणि काठी एका रेघेत यायला पाहिजेत. कालवडीची मान वळली तर काठी मानेच्या ओळीत धरायची नाही, पाठीच्या ओळीत धरायची.

मी सहा मीटर मागं गेलो आणि मोबाईलमध्ये दुप्पट झूम केलं. लांबून फोटो काढला की काठी चार-पाच सेंटीमीटर इकडंतिकडं झाली तरी फार बिघडत नाही. साडेतीन मीटरवर २५ सेंटीमीटरची चूक सात टक्के होती, सहा मीटरवर तीच चार टक्क्यांवर येते. जवळून रुंद लेन्सनं काढलेला फोटो कडेला ताणला जातो, तो तर मापाला बिलकूल घ्यायचा नाही.

मोबाईल छातीच्या मध्याच्या उंचीला धरला, म्हणजे मी गुडघ्यावर बसलो. उभं राहून वरून काढलं तर पाठ जवळ येते आणि छातीचा तळ लांब जातो.

कालवड बरोबर आडवी उभी आहे का ते पाहिलं. सरळ बाजूनं नसून थोडी तिरकी असली तर लांबी कमी दिसते. पंधरा अंश तिरकी असेल तर साडेतीन टक्के लांबी जाते. ओळखायचं कसं? दोन्ही पुढचे पाय एकमेकांआड आणि दोन्ही मागचे पाय एकमेकांआड दिसले तर ती सरळ आहे. चारही पाय वेगवेगळे दिसले तर बहुतेक तिरकी आहे, किंवा एक पाय पुढं टाकून उभी आहे. दोन्हीत फोटो परत काढायचा. पाय पुढं टाकला की खांद्याचं टोकही सरकतं.

या फोटोत काठी ८ सेंटीमीटर भरली. खोली ४.५, म्हणजे खरी ५६.२५. लांबी ९.३, म्हणजे ११६.२५. घेर ५६.२५ × २.६ = १४६.२५. सूत्रात घातलं, २२९ किलो.

टेपनं २१५, फोटोनं २२९. चौदा किलो जास्त, साडेसहा टक्के. आता हा फरक कुठून, तेही सांगतो, म्हणजे फोटोकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. कागदावर खोली ४.५ सेंटीमीटर भरली. फूटपट्टी एक मिलिमीटर चुकली तर ती दोन टक्क्यांवर चूक झाली, आणि घेर दोनदा गुणतो म्हणून वजनात साडेचार टक्के. म्हणजे एका मिलिमीटरला दहा किलो. पेन्सिलीची रेघ जाड असली तरी पाच किलो इकडचे तिकडं होतात. शिवाय खांद्याचं टोक हे कण्याच्या ओळीत नसतं, आपल्याकडं थोडं जवळ असतं, म्हणून लांबी किंचित मोठी दिसते. ते घालवता येत नाही.

आणि एक गोष्ट कितीही चांगल्या फोटोनं सुटत नाही. बाजूच्या फोटोत जनावराची रुंदी नाही. बरगड्या चपट्या पडलेली वाळकी गाय आणि भरलेल्या अंगाची गाय, दोघींची छातीची खोली सारखी असू शकते. वाळकीचा आकडा २.५ असेल, भरलेलीचा २.७. दोघींना २.६ लावला तर एक जड निघते, एक हलकी. २.५ आणि २.७ मधला फरक वजनात सोळा-सतरा टक्के होतो. म्हणून मी आता प्रत्येक जनावराचा आकडा वेगळा लिहून ठेवतो आणि अंग उतरलं किंवा चढलं असं वाटलं की परत टेप लावून तो बदलतो.

आता कुणी म्हणेल, टेपचं सूत्र तरी कितपत खरं? हे मीपण तपासलं. एक जुनी गाय पिकअपमध्ये घालून न्यायची होती, तेव्हा वाटेत मोठ्या वजनकाट्यावर गाडी घातली. गाईसकट आणि नंतर रिकामी, दोन्ही वजनं घेतली. फरक ४५० किलो. तो काटा दहा-दहा किलोनं पुढं सरकतो, म्हणजे पाच-सात किलो इकडंतिकडं धरा. त्याच सकाळी टेपनं घेर १८२ आणि लांबी १४० होती, सूत्रानं ४२८ किलो. बावीस किलो कमी. पाच टक्क्यांत बसलं. त्यात गाय सकाळी पोटभर पाणी पिऊन निघाली होती, काट्यावर ते पाणीपण आलं. पाण्यानं आणि वैरणीनं पोट भरतं, छातीचा घेर मात्र तेवढा हलत नाही. म्हणून रोज एकाच वेळी, सकाळी वैरण टाकायच्या आधी माप घ्यावं. सात-आठ महिन्यांच्या गाभण गाईला हे सूत्र कमीच वजन दाखवतं, कारण वाढलेलं पोट छातीच्या घेरात येत नाही.

मग फोटोचा उपयोग काय? मला तो एका कामाला बरा वाटतो. एकच जागा, एकच काठी, काठीची एकच खूण, मोबाईल ठेवायला एकच दगड, आणि दर महिन्याला एकाच तारखेला फोटो. मग चूक असली तरी दर वेळी तीच असते. आकडा खरा नसला तरी वाढ खरी कळते. मुक्त गोठ्यातल्या ज्या कालवडी अंगाला हात लावू देत नाहीत त्यांची वाढ थांबली का, हे त्यातून दिसतं. मी गोठ्यात कण्याच्या ओळीला जमिनीवर चुन्याची रेघ मारली आहे. गव्हाणीवर तोंड घालून कालवड त्या रेघेवर उभी राहते आणि काठी रेघेच्या टोकाला रोवलेली आहे.

जिथं आकड्यावर निर्णय आहे, तिथं मात्र टेपच. भरवायची का नाही, औषध किती द्यायचं, विकायची किंमत किती, या तीन ठिकाणी मी आता फोटोवर जात नाही. मोबाईलवर विकायच्या गाईंचे फोटो येतात, खाली वजन लिहिलेलं असतं. त्या फोटोत मापाची काही वस्तूच नसेल तर ते वजन कुणाच्या तरी मनातलं आहे. आणि असेल तर आधी बघा, ती वस्तू गाईच्या ओळीत आहे की मागं भिंतीला टेकवलेली. मागं असेल तर गाय आहे त्यापेक्षा जड दाखवली आहे, मुद्दाम असो की नकळत.

टेप नसेल तर एक सोपं. शिंप्याकडची टेप १५० सेंटीमीटरला संपते, मोठ्या गाईला पुरत नाही. सुतळी फिरवायची, जिथं मिळते तिथं गाठ मारायची आणि मग सुतळी जमिनीवर सरळ करून मोजायची. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणली जाते आणि घेर कमी भरतो. जनावराची मान वर किंवा खाली गेली तरी घेर बदलतो, मान सरळ असताना दोनदा मोजा आणि दोन्ही मापं जुळली तरच लिहा.

मैनेचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. २१५ वरून २५० गाठायला पस्तीस किलो हवे होते. ती दिवसाला अर्धा किलोच्या आसपास वाढत होती, म्हणजे सत्तरेक दिवस. तीन माज सोडून दिले. सोपं नव्हतं. कारभारीण दर माजाला विचारायची, "अजून किती दिवस फुकट वैरण घालायची?" नऊ आठवड्यांनी सुतळीनं मोजली, घेर १५१, लांबी ११८, वजन २४८. दोन किलोसाठी काय थांबायचं असं मनात आलं, पण सूत्रातच पाच टक्क्यांची चूक आहे हे आता माहीत होतं. थांबलो. एकवीस दिवसांनी परत माज आला तेव्हा घेर १५४, लांबी ११९, वजन २६०. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी या वेळी फोटो मागितला नाही, सुतळीच मागितली आणि स्वतः एकदा मोजून पाहिली. मग भरवली.

गेल्या आठवड्यात तपासणी झाली. गाभण आहे.

जुन्या फोटोखालचा २६४ चा आकडा मी खोडून २१५ केला आहे आणि त्यात काठी कुठं आहे तिथं लाल गोल काढला आहे. तुम्ही कुणी माझं बघून काठी पाइपाला बांधून फोटो काढला असेल तर काठीपासून गाईच्या कण्यापर्यंतचं आणि मोबाईलपर्यंतचं अंतर मोजून खाली लिहा, आपण हिशेब करून बघू.